चूक झाली की केली?

माफीनाम्यांचा मी जुना कारागीर. एका जाहिरातसंस्थेत बरीच वर्षं कॉपी लिहिली, आणि साबण, बिस्किटं, गाद्या विकता विकता मधूनमधून निवेदनंही लिहिली. त्यांना माफीनामा म्हणायची आमच्यात पद्धत नव्हती. फाइलचं नाव ‘स्टेटमेंट’, पुढे व्हर्जनचा आकडा. रात्री साडेदहाला क्लायंटचा फोन यायचा, आवाजात दिवसभराच्या शिव्या जिरलेल्या असायच्या. मी मसुदा लिहायचो. तो क्लायंटकडे, तिथून त्यांच्या लीगलकडे आणि तिथून परत माझ्याकडे. जाताना त्यात ‘माफी’ असायची, येताना तिचा ‘खेद’ झालेला असायचा. सातव्या व्हर्जनला चूक करणारा नाहीसा व्हायचा, आठव्याला चूकही नाहीशी व्हायची. उरायच्या त्या कोणाच्या तरी भावना, रस्त्यात सापडलेल्या चपलेसारख्या. मालक पुढे आला तर घेऊन जावा.

त्या लीगलमधला एक वकील अजून मित्र आहे. लेखाच्या शेवटी तो लागणार आहे, तोवर त्याला चहा द्या.

परवा एका कॉलेजात मुलांना कॉपीलेखन शिकवायला गेलो होतो. स्लोगन लिहायला सगळ्यांनाच आवडतं, म्हणून मी त्यांना स्लोगन दिलं नाही. खरोखर निघालेलं एक निवेदन दिलं आणि म्हटलं, हे नीट लिहून आणा. अट एकच. चूक अंगावर घ्यायची, पण सबबीची छत्री उघडायची नाही.

प्रकरण झोमॅटोचं आहे. ५ जून २०२३, जागतिक पर्यावरण दिन. कंपनीने एक व्हिडिओ काढला. त्यात आदित्य लाखिया हे अभिनेते होते, ज्यांनी २००१च्या ‘लगान’मध्ये ‘कचरा’ची भूमिका केली होती. आठवत असेल: गावकुसाबाहेर उभा राहून खेळ बघणारा, हात अधू असलेला, आणि त्याच हाताने चेंडू वळवणारा अस्पृश्य माणूस. आशुतोष गोवारीकरांच्या त्या सिनेमात गावातली टीम सुरुवातीला त्याला शिवायला तयार नसते. बावीस वर्षांनी जाहिरातवाल्यांना त्याच्यात काय दिसलं? त्याचं नाव. प्लास्टिकच्या कचऱ्यापासून वस्तू बनतात हे सांगायला त्यांनी ह्या माणसालाच वस्तू केलं. कुठे तो दिवा झाला, कुठे टेबल, कुठे पेपरवेट, कुठे झाडांना पाणी घालायची झारी. कोटी अशी की कचरा रीसायकल होतो, बघा, हाच तो कचरा.

‘मसान’चे दिग्दर्शक नीरज घायवान यांनी जाहीरपणे विचारलं की माणसाचं स्टूल करताय, शुद्धीवर आहात का? मुळात सिनेमातलं ते पात्रच दलितांना माणूसपण आणि आवाज न देणारं होतं, आणि तुम्ही तेच उचलून आणखी किळसवाणं केलंत, असं त्यांचं म्हणणं. मग गदारोळ झाला, पुढे राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाची नोटीसही गेली. तीन-चार दिवसांतच व्हिडिओ उतरला आणि कंपनीचं इंग्रजी निवेदन आलं. इनमिन तीन वाक्यं. माझ्या मराठीत ती अशी:

“जागतिक पर्यावरण दिनी प्लास्टिक कचऱ्याच्या क्षमतेविषयी आणि पुनर्वापराच्या फायद्यांविषयी विनोदी पद्धतीने जागृती करावी, हा आमचा हेतू होता. अनवधानाने आम्ही काही समाजांच्या आणि व्यक्तींच्या भावना कदाचित दुखावल्या असतील. आम्ही व्हिडिओ काढून टाकला आहे.”

आता ह्यात माफी शोधा. मुलांनी शोधली. एकाने दोनदा वाचलं आणि म्हणाला, “सर, पुढचं पान आहे का?”

पुढचं पान नाही. माफी, क्षमा, दिलगिरी, खेद, सॉरी यांपैकी एकही शब्द त्या तीन वाक्यांत नाही. पहिलं वाक्य कंपनी किती चांगली आहे ते सांगतं, तिसरं कंपनी किती तत्पर आहे ते. मधल्या वाक्यात ‘आम्ही’ आहे, हे मान्य करू. निदान कर्ता पळालेला नाही. पण त्याच्या एका बाजूला ‘अनवधानाने’ आणि दुसऱ्या बाजूला ‘कदाचित’ असे दोन अंगरक्षक उभे केले आहेत. आणि जाहिरातीत होतं काय, कोण दिवा झाला, कोणाच्या नावाची कोटी झाली, ह्याबद्दल अवाक्षर नाही. ज्याने जाहिरात पाहिलीच नाही त्याला हे वाचून वाटेल, कुणीतरी प्लास्टिकविषयी चार चांगले शब्द बोलला आणि काही हळवी माणसं रडली.

कोणी म्हणेल, कंपन्यांना ही भाषा येतच नाही हो, तो त्यांचा प्रांत नाही. येते. हीच कंपनी, फक्त दहा महिने आधी. ऑगस्ट २०२२मध्ये हृतिक रोशनच्या तोंडी एक जाहिरात होती. उज्जैनमध्ये थाळी खावीशी वाटली, महाकालकडून मागवली, अशा आशयाची. महाकालेश्वर मंदिराच्या पुजाऱ्यांनी हरकत घेतली. कंपनीने सांगितलं की ‘महाकाल’ म्हणजे आमच्या यादीतलं त्या नावाचं रेस्टॉरंट, मंदिर नव्हे. सबब होतीच. पण पुढे काय म्हटलं? उज्जैनच्या लोकांच्या भावनांचा आम्ही मनापासून आदर करतो, जाहिरात आता दाखवली जात नाही, आम्ही प्रामाणिकपणे माफी मागतो.

दोन्ही निवेदनं शेजारी ठेवा. एकात ‘उज्जैनचे लोक’, दुसऱ्यात ‘काही समाज आणि व्यक्ती’. एकात माफी, दुसऱ्यात मौन. म्हणजे शब्दकोश कपाटात होता. तो कोणासाठी काढायचा आणि कोणासाठी नाही, एवढाच प्रश्न होता.

इथे माझा वकील मित्र चहाचा कप खाली ठेवून बोलला असता, म्हणून त्याचं म्हणणं आधीच मांडतो. ‘अनवधानाने’ हा शब्द वाचकासाठी नसतोच. १९८९च्या ॲट्रॉसिटी कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा चारचौघांत अपमान करणं हा गुन्हा आहे, पण त्या कलमात ‘जाणूनबुजून’ आणि ‘अपमानित करण्याच्या हेतूने’ हे शब्द आहेत. सगळी मदार हेतूवर. म्हणून निवेदन वकिलाच्या टेबलावरून जातं तेव्हा पहिल्याच वाक्यात ‘आमचा हेतू’ येऊन बसतो. कोर्टात द्यायचं उत्तर तो समाजाला देतो. अशी निवेदनं मी लिहिली आहेत, त्यामुळे हे मी तर्काने सांगत असलो तरी तर्क घरचा आहे.

पण वकिलाचीही इथे एक गफलत होते. ‘आम्ही अपमान करायचं ठरवलं होतं’ असं कबूल करा, असं कोणीच म्हणत नाही. ‘आम्ही विचार केला नाही’ एवढं म्हणा. ते खरं असेल तर त्यात हेतूची कबुली येत नाही. येते ती निष्काळजीपणाची, आणि तीच तर चूक आहे. ‘अनवधानाने’ आणि ‘आम्ही विचार केला नाही’ ह्यांत घटना एकच आहे. पहिल्यात ती अंगावरून ओघळून जाते, दुसऱ्यात अंगाला चिकटते. पहिलं क्रियाविशेषण आहे, दुसऱ्यात क्रियापद आहे, आणि क्रियापदाला कर्ता लागतो. शाळेत ‘कर्ता ओळखा’ हा प्रश्न दोन मार्कांना असायचा. कंपन्यांना तो ऑप्शनला टाकता येतो, असं दिसतं.

मराठीत तर पळवाटांचा सुकाळ. ‘चूक झाली’ म्हटलं की चूक पावसासारखी झाली. ‘आमच्या हातून चूक झाली’ म्हटलं की हाताने केली, आम्ही त्या वेळी दुसऱ्या खोलीत होतो. ‘भावना दुखावल्या गेल्या असल्यास’ ह्यात दुखावणारा नाही आणि दुखावणं घडलं की नाही तेही ठरलेलं नाही. आणि ‘दिलगिरी व्यक्त करतो’ ही तर कमालीची सोयीची गोष्ट. दिलगिरी एकट्याने, बंद खोलीत, आरशासमोरही व्यक्त करता येते. माफी मागायला समोर माणूस लागतो. ‘कोणाची?’ हा प्रश्न ‘माफी मागतो’च्या आधी येतोच येतो. म्हणूनच क्लायंटला दिलगिरी आवडते.

मुलांचे मसुदे आले. निम्म्यांची सुरुवात ‘आमचा उद्देश’ अशीच. मी सुरुवातीचं वाक्य खोडून दिलं, तर त्यांनी तेच शेवटी नेऊन ठेवलं, पाहुण्यांसमोरून उचललेला पसारा पलंगाखाली सरकवावा तसा. एका मुलीने कंपनीकडून कचरा-वेचकांसाठी होणाऱ्या सत्कार्याची यादी जोडली होती. एकाचा मसुदा इतका रडका होता की शेवटी समाजानेच कंपनीचं सांत्वन करावं. आणि एका हुशाराने विचारलं, “सर, आमच्या गावात कचरू नावाचे आजोबा आहेत. दलित नाहीत ते. मग नावावर कोटी केली तर एवढं काय?”

हा प्रश्न मला आवडला, कारण खऱ्या माफीनाम्याचं उत्तर ह्यात दडलंय. कचरू, धोंडू, भिकू ही नावं खेड्यात दृष्ट लागू नये, मूल जगावं म्हणून ठेवत. नवसाने झालेल्या लाडक्या मुलाला मुद्दाम कुरूप नाव. पण दुसरीही एक परंपरा आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं निंदा सुचवणारं असावं, असं सांगितलं आहे. १९२७च्या २५ डिसेंबरला महाडला जो ग्रंथ जाळला, तो हाच. ‘लगान’मधला कचरा दृष्ट लागू नये म्हणून कचरा नाही. त्याला गाव शिवत नाही म्हणून तो कचरा आहे. ज्या लोकांवर गावाची घाण, मेलेली ढोरं, मैला उपसण्याची कामं जन्माने लादली गेली, त्यांच्यातल्या माणसाला तुम्ही कॅमेऱ्यासमोर घाणीतून बनलेलं टेबल केलंत. इजा नावात नाही आणि भावनेतही नाही. ती माणूस, जात आणि कचरा ह्या तिघांना एका रेषेत उभं करण्यात आहे, आणि ती रेषा तुम्ही विनोद म्हणून आखली.

हे सांगता आलं नाही तर माफी मागता येत नाही. माफीनाम्यातली सगळ्यात अवघड ओळ तीच आहे, आणि सगळे जण तीच गाळतात. ‘भावना’ ह्या शब्दाचं काम ती ओळ गाळायचं आहे. भावना म्हटलं की दुखणं ऐकणाऱ्याच्या छातीत जातं. मग ते दुखणं मोठं की छोटं, खरं की नाटकी, हे त्याचं तो बघेल. आपण फक्त हळहळायचं.

बरं, हा शब्द इतका झिजला कसा, त्याचीही एक गंमत आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये तनिष्कने एक जाहिरात काढली होती. मुसलमान घरात दिलेल्या हिंदू सुनेचं डोहाळजेवण. लोकांनी बहिष्काराच्या आरोळ्या ठोकल्या, जाहिरात मागे घेतली गेली. निवेदनात अनवधानाने भावना ढवळल्या गेल्याबद्दल दुःख होतं, आणि आपले कर्मचारी, भागीदार आणि दुकानांतली माणसं ह्यांच्या सुरक्षेचा उल्लेखही होता. ते खरं म्हणजे शरणागतीचं पत्र होतं. त्यात चूक नव्हती, धाक होता. माझं म्हणणं, अशा वेळी माफी मागूच नये. फार तर ‘आमच्या माणसांच्या जिवासाठी मागे घेतोय’ असं म्हणून मोकळं व्हावं. पण झालं असं की धाकाखाली लिहायची ती भाषा आणि चुकीखाली लिहायची भाषा एकच होऊन बसली. डोहाळजेवण दाखवलं तरी ‘भावना’, माणसाचं स्टूल केलं तरी ‘भावना’. वाचणाऱ्याला मग कळतच नाही की कंपनीला खरंच काही चुकल्यासारखं वाटतंय की बाहेर गर्दी जमली आहे.

मुलांना मी सांगितलं की दुसरा चेंडू खेळता येतो, तो ‘लगान’मध्येच आहे. शेवटच्या चेंडूवर कचरा फलंदाजीला असतो, त्याच्याकडून एकच धाव निघते, सामना गेला असं वाटतं आणि अंपायर नो-बॉलचा हात दाखवतो. प्रत्यक्षातही एकदा असा नो-बॉल मिळाला होता. जानेवारी २०१८मध्ये एच अँड एमच्या संकेतस्थळावर एका कृष्णवर्णीय मुलाला हुडी घातलेली दाखवली होती. हुडीवर इंग्रजीत लिहिलेलं, जंगलातलं सगळ्यात भारी माकड. पहिलं निवेदन नेहमीच्या साच्यातलं: छायाचित्र हटवलं आहे, ज्या कोणाला हे आक्षेपार्ह वाटलं असेल त्याची माफी. संताप वाढला. मग दुसरं आलं, वेगळ्या चालीचं. लोक चिडलेत आणि आम्ही इथे काम करणारे त्यांच्याशी सहमतच आहोत; हे छायाचित्र काढलं गेलं ह्याचं आम्हाला वाईट वाटतं आणि मुळात त्या छापील मजकुराचंही; आणि फक्त छायाचित्र नव्हे, तो कपडाच जगभरातल्या विक्रीतून मागे घेतला आहे.

आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. त्यातही ‘चूक कोणाची’ ह्याला हात लावलेला नाही. पण ‘ज्या कोणाला’ गेलं, ‘असेल तर’ गेलं, आणि दुखणं छायाचित्रापुरतं नाही, कपड्यावरच आहे, हे मान्य झालं. एवढ्या दोन-तीन शब्दांच्या अंतराला कंपनीला शिव्यांचा एक दिवस लागला.

मग आम्ही फळ्यावर लिहायला लागलो. पहिल्यांदा कोणीतरी विचारलं की ‘दलित’ म्हणावं की ‘अनुसूचित जाती’. प्रश्न साधा नाही. २०१८मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातल्या प्रकरणानंतर माहिती व प्रसारण मंत्रालयाने माध्यमांना ‘दलित’ शब्द टाळण्याची सूचना केली होती, आणि आपल्याकडे अनेक जण स्वतःला बौद्ध म्हणवतात. पण ज्यांनी ह्या जाहिरातीवर बोट ठेवलं ते ‘दलित’ म्हणून बोलले. ज्याची माफी मागायची त्याने स्वतःसाठी वापरलेला शब्द घ्यावा. ‘काही समाज’ हा शब्द मात्र कोणीच स्वतःसाठी वापरत नाही.

हेतूचं काय करायचं, हा दुसरा वाद. मी म्हटलं, हेतू कोणी विचारलेला नाही. लोकांना हवं आहे ते हे, की ही गोष्ट इतक्या टेबलांवरून जाऊन कुणाच्याच नजरेस कशी पडली नाही. कल्पना सुचणारा, पटकथा लिहिणारा, चित्रीकरण करणारे, संकलन करणारे, कंपनीतले मंजुरी देणारे. जाहिरात मानक परिषदेच्या संहितेत जातीवरून कोणाची टवाळी करू नये, हे लिहिलेलं आहे, म्हणजे नियमाची आडकाठीही होती. मग कोणी विचारलं का? विचारलं असेल तर कोणी गप्प केलं? हे शोधल्याशिवाय माफीनामा पुरा होत नाही, आणि हे आम्हाला वर्गात बसून कळणार नाही. म्हणून ती जागा मी मोकळी ठेवायला लावली. मुलांना मोकळ्या जागेची सवय नाही. ती तिथे लगेच ‘आमचा हेतू’ लिहायला धावतात.

अभिनेत्याचं काय? पेप्सीने २०१७मध्ये आंदोलनावर बेतलेल्या केंडल जेनरच्या जाहिरातीबद्दल माफी मागताना तिचीही माफी मागितली होती, तिला ह्यात ओढल्याबद्दल. ज्यांच्या आंदोलनाची चेष्टा झाली त्यांच्या वाट्याला कमी आणि जिला जाहिरातीचे पैसे मिळाले तिच्या वाट्याला सहानुभूती, असा तो हिशेब. आपण एवढंच म्हणायचं की कल्पना आणि मंजुरी आमची, जाब आम्हाला विचारा. कलाकाराची ना ढाल करायची, ना त्याला पुढे ढकलायचं.

‘आम्हाला क्षमा करा’ ही ओळही काढली. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये ७५५ लोकांवर दोन प्रयोग केले होते. माफीचे सहा घटक, त्यातला कोणता किती भारी. सगळ्यात वर निघालं जबाबदारी घेणं, त्याखाली भरपाई देऊ करणं, आणि तळाला क्षमेची याचना. वर्गातला एक मुलगा म्हणाला, “म्हणजे आजी बरोबर म्हणते, ‘माफ कर’ म्हणू नको, पहिल्यांदा कप उचल.” त्याला मी दहापैकी दहा दिले असते, पण कॉलेजात ग्रेड आहेत.

‘व्हिडिओ काढून टाकला आहे’ ही भरपाई नव्हे. ती शेजाऱ्याच्या भिंतीवरून आपली घाण पुसण्यासारखी कमीतकमी गोष्ट आहे, आणि तोवर व्हिडिओच्या नकला फोनाफोनांत फिरलेल्या असतात. भरपाई काय असावी ह्यावर वर्गात बराच गोंधळ झाला. ‘संवेदनशीलतेचं प्रशिक्षण’ असं तिघांनी लिहिलं होतं. ते मी खोडलं, कारण अशा वाक्यात तारीख नसते, आणि तारीख नसलेलं वचन म्हणजे लग्नात ‘या की एकदा घरी’ म्हणतात ते. जे करणार आहात ते एकच सांगा, कधीपर्यंत ते सांगा आणि त्याचा जाब कोण देणार त्याचं नाव लिहा. आणि आधीपासूनच करत असलेलं भलं काम ह्या वेळी बाहेर काढू नका. ते चांगलं असेल तर दुसऱ्या दिवशी पण चांगलंच राहील.

सही कोणाची? ‘टीम’ची नको. टीमला कोणी रस्त्यात अडवून विचारू शकत नाही. जाहिरात जिथे लावली तिथेच माफी लावा आणि हिंदी, मराठी, तमिळ, जिथे जिथे ती पोहोचली तिथल्या भाषेत. इंग्रजी तीन ओळी म्हणजे बँकेच्या बारीक अक्षरातल्या अटी. आणि जाहिरात सांगताना तिचा फोटो पुन्हा छापू नका. काय केलं ते शब्दांत पुरतं. चित्र पुन्हा दाखवलं की तोच माणूस पुन्हा दिवा होतो.

फळ्यावरचा शेवटचा मसुदा हा:

“५ जून २०२३ला आम्ही एक जाहिरात प्रसिद्ध केली. तिच्यात ‘लगान’मधल्या कचरा ह्या दलित पात्राला आम्ही दिवा, टेबल, पेपरवेट अशा वस्तू करून दाखवलं आणि त्याच्या नावावर कचऱ्याची कोटी केली.

ज्या समाजावर पिढ्यान्‌पिढ्या घाण उपसण्याची कामं लादली गेली, त्या समाजातल्या माणसाला आम्ही कचऱ्यातून बनलेली वस्तू केलं. हा जातीय अपमान होता. ही चूक आम्ही केली. दलित समाजाची आम्ही माफी मागतो.

कल्पना आणि मंजुरी आमची होती. कलाकाराला जाब विचारू नये. ही जाहिरात ____ ह्या टप्प्यांतून गेली आणि ____ ह्या टप्प्यावर ती थांबायला हवी होती. ती तिथे का थांबली नाही ते ____ तारखेपर्यंत शोधून आम्ही इथेच जाहीर करू. तोपर्यंत आमची नवी कोणतीही जाहिरात ____ ह्यांनी पाहिल्याशिवाय प्रसिद्ध होणार नाही. जाब ____ देतील.”

खाली नाव, हुद्दा, तारीख.

साधारण शंभर शब्द. ‘भावना’ नाही, ‘कदाचित’ नाही, पर्यावरणही नाही. मुलांनी ‘हा जातीय अपमान होता’ ह्या वाक्यापाशी बराच वेळ काढला. कोणाला ते फार थेट वाटलं, कोणाला ‘जातीयवादी’ हवं होतं, कोणाला ‘होता’च्या आधी ‘वाटू शकेल असा’ घालायचा मोह झाला. शेवटी एक मुलगी उठली, तिने डस्टर उचलला आणि बाजूचं सगळं पुसून तेवढंच वाक्य ठेवलं. ती आधीच्या अर्ध्या तासात काही बोलली नव्हती.

घरी आल्यावर मसुद्याचा फोटो वकील मित्राला पाठवला. सवयच. रात्री साडेदहा वाजता त्याचं उत्तर आलं:

“चांगलं लिहिलंय. दुसऱ्या परिच्छेदात एकच बदल सुचवतो. ‘केली’च्या जागी ‘झाली’ कर.”